डाव्या चाकातल्या वाट्या

टायर वाचायला मी तळहातानं शिकलो. डोळा फसतो, विशेषतः चिखल वाळलेला असला की. तळहात फसत नाही. नक्षीवरून हात एकदा पुढे फिरवायचा, एकदा मागे. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं बोचलं, की समजायचं, दोन्ही चाकं सरळ धावत नाहीत, त्यांना जोडणारा टाय-रॉड तपासायला हवा. एकच काठ झिजला असेल तर चाक कलतंय. दोन्ही काठ झिजले आणि मध्यभाग शाबूत असेल तर हवा कमी. हे मला कामठी रोडवरच्या, जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या एका रिमोल्डवाल्या म्हाताऱ्यानं शिकवलं. त्याच्याकडे मी मॅट्रिकनंतर चार वर्षं जुनी टायरं खरवडली. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होतो, आणि माझ्या बाबांची एकच इच्छा होती की मी खुर्चीवर बसून काम करावं. खुर्ची मिळाली नाही. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मला एका माल वाहतुकीच्या कंपनीत टायरवाल्याची जागा मिळाली, आणि टिनाच्या शेडमध्ये एक लाकडी पेटी माझी झाली, बसायला आणि हत्यारं ठेवायला.

कंपनी मालकाची स्वतःची. काटोलच्या मंडीतून संत्री उचलायची आणि नागपूरच्या मालधक्क्यावर नाहीतर थेट दूरच्या बाजारांना पोचवायची, हे तिचं मुख्य काम. हंगामात गाड्या उभ्या राहत नसत. वर्कशॉपवर हुकूम फोरमनसाहेबांचा. माणूस कामाचा पक्का होता. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता वॉल्व्ह ढिला ते सांगायचा. पण एकदा बोललेला शब्द मागे घेणं त्याला जमत नसे. टायरवाला त्याच्या लेखी हवा भरणारा आणि पंक्चर काढणारा, बस.

आमच्याकडे एक म्हातारे ड्रायव्हर होते. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वीस वर्षांच्यावर स्टीयरिंग धरलेलं, एकदाही गाडी कुठे आदळलेली नाही. भाऊ गाडीवर चढण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक चाकाला पायानं हलकेच ठोकून पाहत. त्यांच्या गाडीची पुढची टायरं नेहमी सगळ्यांत जास्त चालायची. म्हणूनच त्या हंगामात जे झालं ते कोणालाच पटेना. त्यांच्या गाडीची पुढची नवी जोडी निम्म्या वेळातच संपली. दुसरी जोडी टाकली. तिचंही तेच व्हायला लागलं, आणि डावं टायर तर उजव्याच्या कितीतरी पुढे.

भाऊ म्हणत होते, "स्टीयरिंग थरथरून राहिलं गा. चाळीसच्या वर गेलं की हात मुंग्या आल्यासारखे होतात."

फोरमनसाहेबांनी टायरवर एक नजर टाकली आणि निकाल दिला. "चट्टे पडले आहेत. ब्रेक मारून मारून टायर घासलं. आता वय झालं तुमचं, भाऊ. समोरचं दिसत नाही लवकर, मंग खाडकन पाय पडते."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. मालकही तिथेच होते. हंगामाचे दिवस, दुसरी जोडी वाया चाललेली, मालक वैतागलेले. त्यांनी भाऊंच्या हातून किल्ली घेतली आणि सांगितलं की काही दिवस यार्डात गाड्या लावायचं काम करा. भाऊंनी गाडीतली आपली बसायची उशी काढली, काखेत धरली आणि नळाजवळच्या बाकावर जाऊन बसले. मला ते पाहवलं नाही.

काढलेलं डावं टायर माझ्याच शेडमध्ये आलं. मी ते धुतलं, आडवं टाकलं आणि हात फिरवला. हात वर-खाली जाऊ लागला. खोलगट, उंचवटा, खोलगट, उंचवटा. मी खडू घेऊन प्रत्येक खड्ड्यावर खूण केली. सगळ्या परिघावर नऊ खुणा आल्या, साधारण सारख्या अंतरावर. जणू कोणी ओल्या मातीत वाटी दाबत दाबत गोल फिरलं होतं.

ब्रेकनं चाक अडकून घासलं तर असं होत नाही. चाक फिरायचं थांबतं, म्हणजे टायरचा एकच भाग रस्त्याला लागलेला असतो आणि तोच खरवडला जातो. एक सपाट चट्टा, काठापासून काठापर्यंत. भंगाराच्या ढिगात असंच एक टायर पडलं होतं, आदल्या वर्षी रेल्वे फाटकाजवळ बैल आडवा आला तेव्हाचं. मी ते ओढून काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. एकीकडे एक चट्टा, एकीकडे नऊ वाट्या. फरक आंधळ्यालाही कळला असता.

वाट्या पडतात त्या चाक नाचल्यामुळे. खड्ड्यातून गेलं की कमानीचे पाटे दबतात आणि उसळतात. ती उसळी आवरायला शॉकअप असतो. तो मेला की चाक एकदा उसळून थांबत नाही, उसळतच राहतं. जिथे जोरानं आपटतं तिथे रबर जास्त झिजतं, जिथे अधांतरी असतं तिथे कमी. एकदा वाट्यांना सुरुवात झाली की त्याच वाट्या चाकाला आणखी नाचवतात. बेअरिंग ढिलं असलं, चाकाचं वजन सारखं नसलं तरी असं होतं. पण ते मी जॅक लावून पाहिलं होतं. चाक वरून-खालून धरून हलवलं, खडखड नव्हती; फिरवून सोडलं, तर दर वेळी वेगळ्या जागी थांबलं. मला संशय शॉकअपचाच होता.

फोरमनसाहेबांना सांगायला गेलो. ते हसले.

"शॉकअप दिवाळीच्या आधी मी नवे बसवले, माझ्या हातानं. अन तू मले शिकवतं काय? एका बाजूचा ब्रेक जास्त धरत असन, म्हणून डावं घासलं."

"मंग एकच चट्टा पडला असता, साहेब. हे नऊ ठिकाणी कसं?"

"नऊ वेळा ब्रेक मारला असन!"

शेडमधले चार-पाच जण हसले. मी परत आलो. पण विचार थांबेना, नऊ वेळा ब्रेक मारला तरी दर वेळी चाक सारख्याच अंतरावर कसं थांबेल?

मालकांकडे जायचं ठरवलं आणि तिथेच माझी एक अडचण उभी राहिली. त्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं होतं की आणखी तीन-चार गाड्यांची टायरं दोन्ही काठांनी झिजतायत. म्हणजे हवा कमी. पण हवा तर मीच भरत होतो, रोज, गेज लावून. मी गेज घेऊन सदरमधल्या एका पेट्रोलपंपावर गेलो, त्यांच्या नव्या गेजशी ताडून पाहिलं. माझं गेज दहा पौंड जास्त दाखवत होतं. कधीतरी हातातून पडलं असणार. कित्येक महिने मी गाड्यांना कमी हवेवर पाठवत होतो आणि मला पत्ता नव्हता.

त्या संध्याकाळी मी चुलीजवळ बसून विचार करत होतो. भाऊंसाठी भांडायला जावं तर फोरमन म्हणणार, हवा तूच कमी भरली, टायर त्यानंच गेलं. गप्प बसावं तर माझी चूक कोणाला कळणारही नव्हती. बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "आधी आपलं सांगून टाका. मंग दुसऱ्याचं सांगताना आवाज कापत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालकांच्या टेबलासमोर उभा राहिलो. फोरमनसाहेब तिथेच होते. मी आधी गेज ठेवलं.

"शेठ, हे खोटं सांगून राहिलं. दहा पौंडाचा फरक आहे. काही गाड्यांचे काठ झिजले, ते माझ्यामुळं. ही चूक माझी."

मालकांनी गेज उचलून हातात फिरवलं. फोरमनसाहेब लगेच म्हणाले, "झालं! मंग भाऊच्या गाडीचंही यानंच केलं!"

"नाही साहेब," मी म्हणालो. माझा आवाज खरंच कापला नाही. "हवा कमी असली की टायर दोन्ही काठांनी झिजते, अन पूर्ण गोलभर सारखं झिजते. मधेच खड्डा, मधेच उंचवटा असं होत नाही. अन हेच गेज मी सगळ्याच गाड्यांले लावलं. मंग वाट्या एकाच गाडीले काहून पडल्या? तेही डाव्या बाजूले जास्त?"

मालक उठले. "दाखव," म्हणाले.

मी त्यांना शेडमध्ये नेलं. तीन टायरं भिंतीला टेकवून ठेवली होती. कमी हवेचं, फाटकाजवळ घासलेलं आणि भाऊंचं. मी म्हटलं, "शेठ, डोळे मिटा अन हात फिरवा." पांढऱ्या धोतरातल्या माणसानं डोळे मिटून काळ्या टायरवर हात फिरवला. तिसऱ्या टायरवर त्यांचा हात होडीसारखा हलला. ते डोळे मिटूनच म्हणाले, "हे वेगळं आहे गा."

फोरमनसाहेब मात्र अडून बसले. हंगामात गाडी दिवसभर उभी करून नवे शॉकअप खोलणार नाही, म्हणाले. मग मालकांनीच तोडगा काढला. गाडीला नवी जोडी तशीही लागणारच होती, ती टाकायची, दुरुस्त गेजनं हवा भरायची, आणि ड्रायव्हर फोरमनसाहेबांच्या पसंतीचा. तीन आठवडे काटोल-नागपूर. टायर साफ राहिलं तर चूक भाऊंची. वाट्या पडल्या तर शॉकअप खोलायचे.

"अन तुझं खोटं निघालं तर?" फोरमनसाहेबांनी मला विचारलं.

"तर मी पेटी उचलतो," मी म्हटलं.

फोरमननं निवडलेला ड्रायव्हर तरणा होता. त्याच्या हळू चालवण्याची सगळे थट्टा करायचे. त्याहून चांगला पंच मला मिळाला नसता. पहिल्या रविवारी मी हात फिरवला, काही नाही. भाऊ दुरून पाहत होते. दुसऱ्या रविवारी मला वाटलं, डाव्या टायरच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी मऊसर खोलगट आहे. पण ते मला हवं म्हणून लागत होतं की खरंच होतं? मी हात काढून घेतला. फोरमनसाहेबांनी हात फिरवला आणि जाहीर केलं, "एकदम साफ!" त्या आठवड्यात मी माझ्या पेटीतली स्वतःची हत्यारं वेगळी काढून ठेवली. उगाच नंतर शोधाशोध नको.

तिसऱ्या रविवारी गाडी आली तीच मुळी तरण्या ड्रायव्हरच्या तक्रारीसह. खाली उतरता उतरता तो म्हणाला, "साहेब, स्टीयरिंग थरथरते. हातात मुंग्या येतात."

बाकावर बसलेले भाऊ उभे राहिले.

मी जॅक लावून चाक उचललं. टायर धुतलं. एक लोखंडी पट्टी घेऊन ती जमिनीत टायरपासून बोटभर अंतरावर उभी रोवली आणि चाक सावकाश फिरवलं. हात फिरवायची गरजच नव्हती. पट्टी आणि टायर यांमधली फट रुंद होई, अरुंद होई, पुन्हा रुंद होई. मी मोठ्यानं मोजू लागलो. तीन म्हणेपर्यंत आजूबाजूचे मेकॅनिक मोजू लागले. सात, आठ, नऊ. नऊला कोणीतरी टाळी वाजवली.

"खोला," मालक म्हणाले.

डावा शॉकअप उतरवला. त्यावर चिखलाचा आणि ग्रीसचा थर होता, म्हणून वरून नवाच वाटत होता. डिझेलनं धुतल्यावर बाजूनं खाली ओघळलेल्या तेलाची जुनी रेघ दिसली. खालच्या बोल्टाभोवती बसणारं रबरी बुश जागेवर नव्हतंच. बसवतानाच राहिलं असावं, हंगामाच्या घाईत. त्यामुळे शॉकअप तिरपा ओढला जात होता, दांडा वाकला होता आणि सील फाटून सगळं तेल निघून गेलं होतं. मी तो शिकंज्यात पकडला आणि दांडा ओढला. सळकन बाहेर आला. दाबला, सळकन आत गेला. वायसर नसलेल्या सायकलच्या पंपासारखा.

मग उजवा उतरवून शिकंज्यात लावला. "ओढा, शेठ." मालकांनी दोन्ही हातांनी ओढला, दांडा हट्टी बैलासारखा इंचाइंचानं आला. परत दाबताना त्यांना दम लागला. यातूनही थोडं तेल गळलं होतं, म्हणून उजव्या टायरवरही थोड्या वाट्या दिसत होत्या. सगळं जुळलं.

कोणी काही बोलायच्या आत फोरमनसाहेबांनी तो डावा शॉकअप हातात घेतला, एकदा ओढून पाहिला आणि मान खाली घातली. "बुश माझ्या हातून राहिलं," ते म्हणाले. शब्द मागे न घेणारा हा माणूस. मग ते भाऊंकडे चालत गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "भाऊ, तुमच्या पायात दोष नव्हता. माझ्या डोळ्यात होता."

भाऊंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी म्हणूनच राहिलो होतो, स्टीयरिंग थरथरते. तुम्ही ऐकलं असतं तर टायर वाचलं असतं." एवढंच. पण त्यात जे होतं ते सगळ्यांना पोचलं.

नवे शॉकअप बसले, दोन्ही बाजूंना, बुशांसह. प्रत्येक बुश बसताना फोरमनसाहेबांनी मला बोलावून दाखवलं. नवी जोडी चढली. मालकांनी किल्ली भाऊंच्या हातात दिली, आणि भाऊंनी मला हाक मारली.

"बस गा बाजूले. आज काटोलले तू माझ्यासंग."

मी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीच्या गाडीत मागे मालावर न बसता ड्रायव्हरच्या शेजारी, उशी घेऊन बसलो. भाऊंनी आपली उशी मला दिली होती. दुपारचं ऊन, दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, फांद्या फळांनी वाकलेल्या. कळमेश्वर मागे पडल्यावर रस्ता सरळ लागला. भाऊंनी गाडी चाळीसवर नेली, मग पंचेचाळीस. मग त्यांनी स्टीयरिंग फक्त दोन बोटांनी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. स्टीयरिंग तलावातल्या पाण्यासारखं निश्चल होतं. भाऊ खदखदून हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मीही हसलो, आणि आम्ही दोघं मंडी येईपर्यंत कारण नसताना हसत होतो.

मंडीत हमालांना बातमी आधीच लागली होती, कुठून ते देव जाणे. भाऊ उतरताच एकानं आरोळी दिली, "आले आले, बिनब्रेकचे भाऊ आले!" भाऊंनी मला पुढे ढकललं. "हा पहा. यानं टायरले बोलतं केलं." एका आडत्यानं माझ्या हातात दोन मोठी संत्री ठेवली. आडत्यानं पुढे होऊन टायरवाल्याच्या हातात काही ठेवावं, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. मी ती तिथेच सोलून खाल्ली, रस कोपरापर्यंत ओघळला.

त्या हंगामानंतर नियम झाला. पुढचं टायर काढलं की ते आधी माझ्या शेडमध्ये येई, आणि मी हात फिरवून सांगेपर्यंत कोणी कोणाला दोष देत नसे. मालकांनी एक नवं गेज आणि त्याला ताडायला दुसरं गेज घेऊन दिलं. हे दुसरं मी कपाटात बंद ठेवत असे आणि दर महिन्याला दोघांची जुळवाजुळव करत असे. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या निघाल्या की पहिले काही मैल धपधप करायच्या. नायलॉनची टायरं एका जागी भारानं दबून चपटी होत. तेव्हा तरणे ड्रायव्हर घाबरून यायचे आणि मी सांगायचो, गरम झालं की गोल होईल, चालव. आणि व्हायचं. भाऊंच्या गाडीची ती जोडी तर इतकी सारखी झिजली की काढली तेव्हा नक्षी काठापासून काठापर्यंत एका उंचीची होती. ते टायर मी रिमोल्डवाल्या म्हाताऱ्याला दाखवायला नेलं. त्यानं हात फिरवला, मान हलवली, आणि त्याच्याकडून तेवढं खूप होतं.

फोरमनसाहेबांचं आणि माझं मात्र बरेच दिवस कामापुरतंच बोलणं होतं. मला वाटायचं, त्यांच्या मनात सल राहिला असणार. एका दुपारी ते स्वतःची स्कूटर ढकलत माझ्या शेडमध्ये आले. स्टँडवर लावली. पुढच्या चाकाकडे बोट दाखवलं.

मी उकिडवा बसलो. हात फिरवला. दोन्ही काठ नवे, मधली नक्षी जवळपास गुळगुळीत.

"साहेब, टायर कडक राहावं म्हणून हवा जास्त भरता काय?"

"खूपच भरतो," ते म्हणाले. "टणटणीत."

"म्हणून मधलंच टेकते रस्त्यावर. फुगून राहिलं ते."

त्यांनी माझी लाकडी पेटी ओढली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "मंग किती भरू, ते सांग. अन चहा सांग दोन."